पाण्यावरचा चेहरा

आमच्या स्टुडिओत लग्नांपेक्षा अंत्ययात्रांचं काम जास्त येतं. लग्नाची तारीख ठरवता येते, सुट्टी काढून माणसं येतात. मरणाला पोचता येत नाही. या खोऱ्यातली निम्मी घरं खाली राजधानीत, लिमात, मिलानमध्ये, न्यू जर्सीत पांगली आहेत. ज्यांना कागदपत्रांअभावी परत येता येत नाही ती माणसं, बाप गेला की, आमच्या चॅनेलवर येऊन त्याला मातीत जाताना बघतात.

स्टुडिओ मेलेसियोकाकांचा. वांकायो शहरात, बाजारामागे, चपलांच्या दुकानावर. चित्रीकरण रुफो करतो, संकलन मी करते, आणि व्हिडिओ पूर्ण झाला की कव्हर कुठलं लावायचं यावर काका आणि मी भांडतो. कव्हर म्हणजे यादीत व्हिडिओच्या नावाशेजारी दिसणारं चित्र. मोबाइलवर ते अंगठ्याच्या नखाएवढं असतं. तेवढ्यात माणसाला कळलं पाहिजे की हे आपलं आहे.

"चेहरा, डोळे आणि काहीतरी घडतंय," काका म्हणायचे. "या तिन्हींतलं एक तरी नसेल तर तो फोटो नाही, भिंत आहे. आणि विधवा रडताना मिळाली तर दुसरं काही शोधू नकोस. रडणारी बायको सगळ्यांना बघवते, दुसऱ्याची असली की."

मग माझे बाबा गेले.

बाबा हार्प वाजवायचे. खोऱ्यातल्या सणांना, गुरांना निशाण बांधायच्या दिवशी, आणि माणसं पुरतानाही. त्याआधी तरुणपणी ते खाणीत होते, आणि ती धूळ फुप्फुसात घेऊनच बाहेर आले होते. शेवटी त्यांना लिमाच्या इस्पितळात न्यावं लागलं. तिथे ते रोज आईला म्हणायचे, "फोर्तुनाता, मला वर ने. इथली हवा जड आहे." आई म्हणायची, डॉक्टर सांगतील तेव्हा. एक दिवस ती त्यांच्यासाठी सूप आणायला खाली गेली आणि परत आली तेव्हा पलंगावरची चादर बदलत होते.

शवपेटी डोंगर चढून गावात आली. दफन झालं. पाचव्या दिवशी आमच्याकडे मेलेल्याचे कपडे नदीवर धुतात. विधवेने पाण्याला हात लावायचा नसतो, नात्यातली माणसं धुतात. तिने काठावर बसून कोकाची पानं चघळायची आणि बघायचं. त्या रात्री घरात त्याच्या आवडीचं जेवण मांडतात, जमिनीवर चाळलेली राख पसरतात, दाराची कडी काढून ठेवतात. सकाळी राखेत पावलं बघायची. चिमणीची असोत, माणसाची असोत, नुसती रेघ असो. काहीतरी उमटलं म्हणजे तो आला, जेवला आणि गेला.

आमच्या राखेत काहीच उमटलं नाही. सकाळी ती जशी पसरली होती तशीच होती, इस्त्री केल्यासारखी. सातुर्निनाआत्या, बाबांची बहीण, गुडघ्यांवर बसून तिरक्या उजेडात बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "लिमा लांब आहे. चालत यायचं म्हणजे वेळ लागणार."

आई म्हणाली, "तो रागावलाय."

त्या दिवसापासून तिने कडी लावली नाही. आमच्या गावात जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, पाण्याच्या बादलीवर पहाटे बर्फ धरतं. ती उघड्या दारासमोर खुर्चीत रात्र काढायची. बाबांचं ताट वाढून ठेवायची आणि ते तसंच आहे म्हणून स्वतः जेवायची नाही. खोकला छातीत उतरला. आरोग्य केंद्रातली नर्स म्हणाली, या वयात, या थंडीत, असं चालू राहिलं तर महिनाभराने तुमच्या घरी दुसरी शवपेटी येईल. आईने तिला विचारलं, "तुमच्याकडे दार लावतात का हो, घरचा माणूस बाहेर असताना?"

बाबांचा व्हिडिओ मीच संकलित केला. काका म्हणाले होते, "दुसऱ्याकडून करून घेऊ, पोरी." मी म्हटलं, दुसऱ्याला कुठे काय कापायचं ते कळणार नाही. रुफोने दफन आणि कपडे धुणं, दोन्ही चित्रित केलं होतं. कुनास नदीच्या काठावर माणसं पाठमोरी वाकलेली, पाण्यात शर्टांच्या बाह्या फुगलेल्या. त्यातच मध्ये मी एक जुना तुकडा घातला. सांतियागोच्या, म्हणजे गुरांना निशाण बांधायच्या, सणात बाबा हार्प वाजवतात, काकांनी कधीकाळी जुन्या कॅमेऱ्याने घेतलेला. त्या तुकड्यातून परत नदीवर येताना मी सरळ काप घेतला नाही, डिझॉल्व्ह ठेवला. म्हणजे आधीचं दृश्य हळूहळू विरत जातं आणि त्याच वेळी पुढचं त्यातून वर येतं. एखादा क्षण दोन्ही एकमेकांवर असतात. माणूस ते बघतो आणि विसरतो.

कव्हरसाठी मी हार्पची चौकट निवडली होती. दफनाला जाताना आबिलिओ, बाबांचे जुने जोडीदार, त्यांची हार्प उलटी खांद्यावर घेऊन पुढे चालत होते आणि मागे धूसर शवपेटी येत होती. चालत्या माणसाची चौकट मिळवणं त्रासाचं असतं. व्हिडिओ थांबवला की नव्वद टक्के वेळा पाय हवेत आणि चेहरा पुसलेला निघतो. एकेक चौकट पुढे सरकवत जावं लागतं. पाऊल जमिनीला टेकतं आणि अंग दुसऱ्या पावलाकडे झुकायच्या आधी क्षणभर स्थिर होतं, तिथे चेहरा स्पष्ट सापडतो. आबिलिओंचे डोळे उघडे होते, खाली नव्हते. हार्पचं पोट आकाशाकडे होतं.

"विधवा कुठाय?" काका म्हणाले.

"विधवा घरी आहे."

"तुझी आई आहे हे मला माहीत आहे, म्हणून तर हळू विचारतोय. हार्प चांगली आहे. पण हार्प रडत नाही."

"ती उलटी आहे, काका. वाजवणारा गेला, हे आपल्याकडच्यांना कळेल."

ते मान हलवत चहा घ्यायला गेले. मी कव्हर न लावताच व्हिडिओ साइटवर चढवला, दुवा असेल त्यालाच दिसेल असा खाजगी ठेवला, आणि दुवा मिलानला एदवारला पाठवला. एदवार माझा भाऊ. तिथे म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालतो, खाऊ घालतो. त्याने व्हिडिओच्या शेवटी येणारी मानकऱ्यांची नावं तपासून द्यायची होती, मग मी कव्हर लावून व्हिडिओ उघडा करणार होते. एवढीच चूक झाली. कव्हर लावलं नाही की साइट स्वतःच व्हिडिओतली एखादी चौकट उचलते आणि तात्पुरती दाखवते. ती कुठली उचलेल हे आपल्या हातात नसतं. एदवारने न बघता दुवा घरच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी घरी पोचले तर दार बंद होतं. मी घाबरले. ढकललं तर आतून कडी होती. आत्याने उघडलं. तिच्या हातात मोबाइल होता आणि डोळे सुजलेले होते.

"आला," ती म्हणाली. "नदीवर आला होता. आपण सगळे पाठ करून धूत होतो, आपल्याला कसा दिसणार?"

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. राखाडी नदी, काठावर वाकलेल्या पाठी, आणि पाण्याच्या वर, फेसात अर्धा मिसळलेला, बाबांचा चेहरा. साइटने नेमकी डिझॉल्व्हच्या मधली चौकट उचलली होती.

मी तोंड उघडलं. आत, चुलीजवळ, आई जेवत होती. मक्याचे दाणे आणि मटणाचं सूप. बाबांचं ताट धुऊन फळीवर उपडं घातलेलं होतं.

"बस," आई म्हणाली. "गरम आहे तोवर घे. काय बघतेस भूत बघितल्यासारखी?" आणि ती स्वतःच जरा हसली, खोकली.

मी बसले. जेवले.

एदवारने दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा त्याच्याकडे पाऊस पडत होता.

"नेली, तो सांतियागोचा तुकडा आहे ना? मी व्हिडिओ पूर्ण बघितला."

"हो."

"आईने बघितला?"

"नाही. म्हणते मला पुन्हा पुरायचं नाही त्याला. आणि आत्याला चित्रापुढे जाता येत नाही, कुठे दाबायचं ते कळत नाही."

"मग सांगितलंस तिला?"

"ती जेवली, एदवार. कडी लावून पलंगावर झोपली. सकाळी खोकला कमी होता."

तो म्हणाला, "इथे एक म्हातारा आहे. त्याची बायको गेलीय, रोज विचारतो कधी येणार. मी रोज सांगतो, चार वाजता. राहू दे."

राहिलंही असतं. पण चित्र गावात फिरलं. शेजारणी आल्या, धर्मोपदेशक आले, गावच्या एका मानकऱ्याची बायको आली. काहींनी लगेच क्रूसाची खूण केली. काहींनी मोबाइल उजेडात तिरपा केला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "हो का? मला ढग वाटतोय." मानकरीणबाई म्हणाली, "फोर्तुनाताबाई, तुम्हाला दिसला ना, मग झालं." हे वाक्य आईला लागलं. दोन दिवसांनी ती स्वतः बसने वांकायोला आली, जिना चढून स्टुडिओत, डोक्यावर चांगली टोपी घालून.

"मला दिसतो," ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून म्हणाली. "इतरांना दिसत नाही म्हणतात. तू इथे रोज तेच करतेस ना, लोकांचे चेहरे साफ. याचा कर. तेच कव्हर लाव. महिन्याच्या प्रार्थनेला मोठं छापून आणायचंय."

मेलेसियोकाका दारात उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, जुना तुकडा त्यांचाच होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे.

"करू की, वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही खाली बाजार करून या. वेळ लागतो याला."

ती गेल्यावर ते हळूच म्हणाले, "कर. देवदूतांचे पंख मी अर्ध्या खोऱ्याला चिकटवून दिलेत. कोणाचं काय बिघडलं?"

डिझॉल्व्हच्या मधली चौकट जशीच्या तशी काढली तर ती कधीच स्वच्छ होत नाही. दोन्ही दृश्यं अर्धी अर्धी असतात, काळं काळं राहत नाही, पांढरं पांढरं राहत नाही. कितीही उजेड चढवा, धुकंच वाढतं. म्हणून मी मूळ तुकड्यांकडे परत गेले. नदीची चौकट वेगळी काढली, पाठी स्थिर आणि पाणी चमकणारं असलेली. मग सांतियागोच्या तुकड्यातून बाबांची निवडायला बसले. जुन्या कॅमेऱ्याची चित्रं लागोपाठच्या दोन क्षणांच्या पट्ट्या विणून बनलेली असतात. हालणाऱ्या हातांना फणीच्या दातांसारख्या रेघा पडतात. त्या आधी काढाव्या लागतात. त्यानंतरही हात पुसटच होते. पण दोन सुरांच्या मध्ये, तारा अजून वाजत असताना, बाबा मान वर करायचे. तिथे ते पूर्ण स्थिर असायचे. डोळे उघडे, ओठ जरासे आवळलेले, पुढचा सूर ऐकत असल्यासारखे.

मी ती चौकट नदीवर ठेवली. कडा मऊ केल्या, मागचा मांडव आणि नाचणारी माणसं पुसली, चेहरा पाण्याच्या रंगाकडे नेला. नदी थोडी काळवंडवली म्हणजे चेहरा उठेल. उजवा खालचा कोपरा मोकळा ठेवला, तिथे साइट व्हिडिओची लांबी छापते. बाबांचं नाव जाड अक्षरांत वर डावीकडे घातलं. मग सगळं नखाएवढं करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं. तिथूनही ते ओळखू येत होते.

बाबांच्या टोपीच्या पट्ट्याला एक फूल होतं. वर, पुनावर, म्हणजे उंचावरच्या गार माळावर, उगवणारं विला-विला, लोकरीसारखं पांढरं. साइटच्या धूसर चौकटीत ते फेसात मिसळून गेलं होतं. आता नदी काळी झाल्यावर ते पहिल्यांदा दिसलं. मी ते पुसू शकले असते. पुसलं नाही. कव्हरमध्ये एक उजळ ठिपका असला की नजर तिथून चेहऱ्यावर उतरते, आणि मला ते तिथे बरं दिसलं.

आई बटाट्यांची पिशवी घेऊन परत आली. मी खुर्ची दिली. ती बसली नाही. वाकून पडद्याच्या अगदी जवळ गेली, आम्ही जाऊ देत नाही इतकी.

सुरुवातीला तिने हात छातीवर नेला. "अगदी तसाच," ती म्हणाली.

मग हात तिथेच राहिला.

"हे फूल," ती म्हणाली.

मी माउसवरून हात काढला.

"हे मी वर जाऊन आणलं होतं. एदवार निघाला त्या वर्षी. तुझा बाप म्हणाला होता, पोरगा चाललाय, मी सणाला फूल घालणार नाही. मी म्हटलं, घाल, लोक काय म्हणतील. मी स्वतः टाचलं." तिने बोट पडद्याला टेकवलं. "आणि टोपी ही कपड्यांबरोबर नदीवर नव्हती. पेटीत गेली."

काका जिन्याकडे सरकले. खालून चपलांच्या दुकानातला रेडिओ ऐकू येत होता.

"हा सांतियागो आहे," आई म्हणाली. "हा नदीवरचा नाही."

"नाही."

"मोबाइलमधला?"

"तोही हाच. दोन दृश्यं एकमेकांत विरतात तिथला. मी ठेवलं होतं ते, आई. संकलनात. कव्हरसाठी नव्हतं."

मी तिला दाखवलं. तिने विचारलं नव्हतं, पण आता न दाखवणं अधिक वाईट झालं असतं. बाबा वाजवतात, मान वर करतात, आणि त्यांच्यातून पाणी वर येतं, पाठी, बाह्या. परत मागे. परत पुढे. तिसऱ्यांदा तिने माझं मनगट धरलं.

"पुरे. किती वेळा बुडवशील?"

ती खुर्चीत बसली. बराच वेळ बटाट्यांच्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिली.

"सातुर्निनाला माहीत आहे?"

"नाही."

"एदवारला?"

मी होकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "म्हणजे तो आलाच नव्हता. मी एकटीच जेवले." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

काकांनी चहा आणून ठेवला. तिने घेतला नाही. मग पडद्याकडे न बघता विचारलं, "तू कुठलं लावणार होतीस? तुझं तू?"

मी आबिलिओंची चौकट उघडली. आत्तापर्यंत मी तिच्यावर काम केलं नव्हतं. आकाश जास्त पांढरं होतं, आबिलिओंचा चेहरा टोपीच्या सावलीत. ते सगळं बाकी होतं. आईने उलट्या हार्पकडे बघितलं, आबिलिओंच्या पावलाकडे, मागच्या पेटीकडे. हार्पचं लाकूड एका जागी झिजून फिकट झालं होतं, जिथे बाबांचा खांदा टेकायचा.

"हे लाव," ती म्हणाली. "यात निदान तो जातोय."

"आणि प्रार्थनेला छापायला?"

"छापायला काही नको."

ती बसने निघून गेली. मी बसून आकाश खाली आणलं, आबिलिओंच्या चेहऱ्यावरची सावली थोडी उचलली. फार उचलली की कातडी राखेसारखी दिसते. उजवीकडून थोडं कापलं म्हणजे हार्प मधोमध न येता पुढे निघालेली दिसेल. नाव घातलं, कव्हर चढवलं, व्हिडिओ उघडा केला. ग्रुपवर दुवा टाकला तशी आत्याने लगेच आवाजी निरोप पाठवला, त्याला का काढलं? मी लिहिलं, आईने सांगितलं. तिने पुढे काही विचारलं नाही. एदवारने फक्त हार्पचं चित्र परत पाठवलं, शब्दांशिवाय.

नदीवरचं कव्हर मी पुसून टाकलं. मूळ तुकड्यांतून ते पुन्हा कधीही बनवता येईल, हे मला ठाऊक आहे.

घरी पोचले तेव्हा सूर्य डोंगरामागे गेला होता आणि अंगणातल्या बादलीतलं पाणी जड दिसायला लागलं होतं. दार उघडं होतं. आई खुर्चीत होती, शाल घेतलेली. फळीवरचं ताट खाली आलं होतं, सुलटं, त्यात दोन उकडलेले बटाटे आणि बाजूला मीठ.

"आई, तू खाल्लंस?"

"दार लोटू नकोस," ती म्हणाली.

मी माझी खुर्ची आणून तिच्याशेजारी ठेवली. आत वारा येत होता. तिच्या पायांवर मी माझी शाल टाकली, तर तिने ती अर्धी माझ्याकडे सरकवली. रस्त्यावरून कोणीतरी चालत आलं, आमच्या दारापाशी पावलं मंदावली, आईची मान वर झाली. शेजारचे होते. आत बघून त्यांनी टोपी काढली आणि पुढे गेले.